वाळू आणि कोळशाच्या गाळण्यांची तुलना : पालकांसाठी सूचना

पाणी गाळण्याच्या वर्गप्रकल्पाआधी शिक्षक पालकांना पाठवतात ते छोटे पत्रक. मुले कापलेल्या बाटलीत एकदा वाळूचा आणि एकदा कोळशाचा थर भरतात, त्यातून पाणी सोडतात आणि कोणती गाळणी काय काढते ते पाहतात. साहित्य बहुधा घरून येते, त्यामुळे तुलना खरी ठरणार की फसणार याचा बराचसा निकाल वर्गाआधीच, घरात लागलेला असतो. म्हणून ‘उद्या वाळू, कोळसा आणि रिकामी बाटली पाठवा’ एवढ्या ओळीने भागत नाही. कोणता कोळसा, किती बारीक, धुतलेला की कोरडा, हे पत्रकातच यावे लागते.

सूचनेतली पहिली गोष्ट म्हणजे कोळशाचा प्रकार. लाकडी कोळसा हवा, दगडी कोळसा चालत नाही. शेगडीसाठी मिळणाऱ्या, साच्यात दाबून केलेल्या वड्याही नकोत, कारण त्यांत चिकटवणारे पदार्थ आणि कधी पेट घेण्यासाठी घातलेली रसायने असतात. ती पाण्यात उतरतात. चुलीतली राखही नको, तिने पाणी बुळबुळीत आणि अल्कधर्मी होते. शक्य असल्यास शिक्षकाने स्वतः थोडा सक्रिय कोळसा आणावा. त्यावर विशेष प्रक्रिया झालेली असते आणि आतली सूक्ष्म छिद्रे मोकळी असतात. त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरते. रंगाचे रेणू या पृष्ठभागाला चिकटतात, यालाच अधिशोषण म्हणतात. साधा लाकडी कोळसाही हे करतो, पण खूपच कमी. दोन्हींत एवढा फरक असल्याने वर्गातल्या सगळ्या गटांचा कोळसा एकाच प्रकारचा असावा.

दुसरी गोष्ट कणांचा आकार, आणि प्रयोग सर्वांत जास्त इथेच बिघडतो. घरून आलेली वाळू बारीक असते आणि कोळशाचे तुकडे बोराएवढे. अशा दोन बाटल्यांत गढूळ पाणी ओतले की वाळूतून बरेच स्वच्छ पाणी येते आणि कोळशाच्या मोठ्या फटींतून गाळ सरळ खाली उतरतो. मुले ‘वाळू कोळशापेक्षा चांगली’ असे लिहून मोकळी होतात. खरे तर तुलना झालेली असते बारीक कणांची जाड तुकड्यांशी. म्हणून दोन्ही साहित्य त्याच दोन चाळण्यांतून जावे, जाड चाळणीतून खाली पडलेले आणि बारीक चाळणीवर राहिलेले तेवढे घ्यावे. साधारण दीड ते तीन मिलिमीटरचे कण बरे पडतात. कोळसा फोडायचा तर तो ओला करून जाड कापडी पिशवीत घालावा आणि मोठ्या माणसाने घराबाहेर फोडावा, म्हणजे काळी धूळ नाकातोंडात जात नाही.

पत्रकाचा मजकूर असा असू शकतो :

‘सर्व पालकांस नमस्कार. येत्या आठवड्यात वर्गात वाळू आणि कोळशाच्या गाळण्यांची तुलना करायची आहे. पाल्यासोबत एक लिटरच्या दोन सारख्या प्लास्टिक बाटल्या द्याव्यात. त्यांचा तळ मोठ्या माणसाने कापून कडेला चिकटपट्टी लावावी. चाळलेली वाळू दीड वाटी घ्यावी आणि धुण्याचे पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. चाळलेला लाकडी कोळसाही दीड वाटी घ्यावा, काळे पाणी येणे थांबेपर्यंत धुवावा आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा. ज्यांच्याकडे कोळसा नसेल त्यांनी आणू नये, तो शाळेत मिळेल. कपडे जुने घालावेत, कोळशाचे डाग जात नाहीत. गाळलेले पाणी कोणीही पिणार नाही, घरीही पिऊ देऊ नये. नाल्याचे, सांडपाण्याचे किंवा साबणाचे पाणी पाठवू नये.’

भिजवण्याची अट मुद्दाम आहे. कोरड्या कोळशाच्या छिद्रांत हवा असते, त्यामुळे पाणी ओतताच तुकडे वर तरंगतात, थर विस्कटतो आणि पाणी कडेकडेने खाली पळते. भिजलेला कोळसा बराचसा बसतो. तरीही वर मुठीभर धुतलेले खडे ठेवावेत. बाटली उलटी करून तोंडाशी कापूस, त्यावर खड्यांचा पातळ थर आणि मग वाळू किंवा कोळसा अशी रचना दोन्हींत सारखी हवी. नुसता कापूस आणि खडे भरलेली तिसरी बाटली शिक्षकाने ठेवावी. ती नसेल तर कापसाने अडवलेल्या गाळाचे श्रेय वाळूला मिळते.

पाणी दोन प्रकारचे आणि वेगवेगळे घ्यावे. एक गढूळ पाणी : लिटरभर पाण्यात दोन चमचे माती ढवळून दहा मिनिटे ठेवायची आणि वरचे पाणी वापरायचे. दुसरे, लिटरभर पाण्यात निळ्या खाद्यरंगाचे दोन-तीन थेंब. माती आणि रंग एकत्र करू नयेत, कारण मातीचे कण स्वतःच थोडा रंग धरतात.

आता एक फसवा निकाल तपशिलात पाहू. तीनशे मिलिलिटर धुतलेल्या वाळूच्या कणांमधली जागा शंभर मिलिलिटरच्या थोडी वर असते आणि निथळल्यावरही तिच्यात धुण्याचे पाणी बरेच अडकून राहते. वरून निळे पाणी ओतले की आधी हे साठलेले स्वच्छ पाणी बाहेर पडते. पेल्यात जवळजवळ रंगहीन पाणी दिसते आणि ‘वाळूने रंग काढला’ अशी नोंद होते. हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे : बाहेर येणारे पाणी पन्नास-पन्नास मिलिलिटरच्या पेल्यांत ओळीने धरावे. वाळूच्या ओळीत तिसऱ्या-चौथ्या पेल्यापासून रंग वाढत मूळ पाण्याइतका होतो. सक्रिय कोळशाच्या ओळीत तो पुढच्या पेल्यांतही फिकाच राहतो. भिजलेला कोळसाही पाणी धरतोच, म्हणून दोन्हीकडचे पहिले तीन पेले तुलनेत धरू नयेत.

साध्या कोळशाने फरक दिसला नाही तर वेग पाहावा. अधिशोषणाला वेळ लागतो. झाकणाला सुईने बारीक भोक पाडून पाणी थेंबथेंब सोडले तर फरक दिसण्याची शक्यता वाढते, मात्र वाळूचा वेगही तेवढाच ठेवावा लागतो. गढूळपणा मोजायला पांढऱ्या कागदावर काळी फुली काढून तिच्यावर उभा पारदर्शक पेला ठेवावा. पाणी हळूहळू ओतत वरून पाहावे आणि फुली दिसेनाशी होते ती उंची पट्टीने मोजावी. उंची जितकी जास्त तितके पाणी नितळ. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण मात्र दोन्ही गाळण्यांतून सुटतात, त्यामुळे दुधट छटा राहिली तर ती मुलांची चूक समजू नये.

न पिण्याची सूचना पत्रकात ठळक हवी, कारण गाळलेले पाणी पिण्याजोगे दिसते. जिवाणू वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी लहान असतात. पाणीपुरवठ्यातल्या मंद वाळू गाळण्या त्यांना बऱ्याच प्रमाणात अडवतात, पण त्यांच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची साय धरायला काही दिवस ते आठवडे जातात. बाटलीतल्या ताज्या वाळूत ती नसते. कोळसाही जंतू मारत नाही, उलट ओला राहिला तर त्यावरच ते वाढतात.

प्रयोगानंतर वाळू आणि कोळसा बेसिनमध्ये ओतू नये, नळी तुंबते. दोन्ही गाळून कुंडीत किंवा मैदानाच्या कडेला टाकावेत आणि हात साबणाने धुवावेत.