सेक्शन आणि बाजूचं एलिव्हेशन: एका कवेलूच्या घरावरून प्लॅनसह तिन्ही ड्रॉइंग

पहिल्या वर्षाच्या शीटवर प्लॅन सहसा ओळखू येतो. गोंधळ होतो तो सेक्शन आणि बाजूच्या एलिव्हेशनचा, कारण उतरत्या छपराच्या घरात या दोन्हींची बाहेरची रेषा जवळजवळ सारखीच असते. मग विद्यार्थी एलिव्हेशन काढतो, त्यात भिंती जाड करतो आणि खाली सेक्शन असं लिहून मोकळा होतो. ही चूक टाळायची तर आधी एवढं पक्कं करा: प्लॅन आणि सेक्शन ही दोन्ही घर कापून काढलेली ड्रॉइंग आहेत. प्लॅनमध्ये काप आडवा असतो आणि आपण खाली बघतो. सेक्शनमध्ये काप उभा असतो आणि आपण समोर बघतो. एलिव्हेशनमध्ये काहीच कापलेलं नसतं, आपण बाहेर उभे राहून बघतो.

विदर्भातल्या खेड्यात अजूनही दिसणारं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर उदाहरणाला घेऊ. तोंड पूर्वेला. आत दोन खोल्या शेजारी शेजारी: उत्तरेला माजघर ३.६ मीटर, दक्षिणेला स्वयंपाकघर २.४ मीटर, दोन्ही पूर्व-पश्चिम ३ मीटर. बाहेरच्या भिंती ४५ सेंटीमीटर जाड, मधली ३० सेंटीमीटर. म्हणजे घराची लांबी ७.२ मीटर आणि रुंदी ३.९ मीटर भरते. पुढे सबंध लांबीची छपरी आहे, तिच्या खांबांची रेषा भिंतीपासून १.८ मीटरवर. जोतं ४५ सेंटीमीटर उंच. जोत्यापासून पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत ३ मीटर उंच, त्या दोन्हींच्या बरोबर मध्यावर उत्तर-दक्षिण जाणारं आढं, आणि छपराचा उतार ३० अंश. पुढचा उतार न मोडता छपरीवर उतरतो आणि खांबांच्याही पुढे ४५ सेंटीमीटर जातो; मागचा उतार पश्चिम भिंतीच्या बाहेर तेवढाच जातो. वाशांची जाडी सध्या बाजूला ठेवू.

प्लॅन काढताना जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर काप घेतात, आणि ही उंची घराच्या आतल्या जमिनीपासून, म्हणजे जोत्याच्या माथ्यापासून मोजायची. कापाच्या पातळीत जे सापडलं ते जाड रेषेत. भिंती, छपरीचे खांब, ९० सेंटीमीटर सिल असलेली पश्चिमेची खिडकी हे सगळं कापलं जातं. मधल्या भिंतीत माजघराच्या बाजूला १ ते १.५ मीटर उंचीवर कोनाडा आहे, तोही सापडतो, म्हणून भिंतीच्या रेषेत १५ सेंटीमीटरची खाच दिसली पाहिजे. कापाच्या खाली राहिलेली चूल, जोत्याची कड आणि पायरी बारीक पण सलग रेषेत येतात. कापाच्या वर असलेल्या गोष्टी तुटक रेषेत: स्वयंपाकघरातला २.१ मीटरवरचा माळा, पश्चिम भिंतीतला २.२ मीटरवरचा झरोका आणि खांबांच्या पुढे जाणारी वळचण. प्लॅनमध्ये कवेलू काढलेले दिसले की समजावं, विद्यार्थ्याने घर कापलंच नाही. ते वरून बघितलेलं छप्पर झालं, त्याला रूफ प्लॅन म्हणतात आणि ते वेगळं ड्रॉइंग आहे.

आता प्लॅनवर सेक्शनची रेषा टाकायची. ती कुठून न्यायची हा खरा निर्णय आहे. रेषा पूर्व-पश्चिम न्या, दरवाजातून आत, माजघर ओलांडून समोरच्या खिडकीतून बाहेर. तिला दोन टोकांना अ-अ असं नाव द्या आणि बाण दक्षिणेकडे करा. अशी रेषा छपरी, उंबरठा, दोन भिंती, खिडकीची सिल आणि आढं, सगळ्यांना आडवी छेदते. हीच रेषा उत्तर-दक्षिण, आढ्याच्या खालून नेली तर छपराचा उतार सेक्शनमध्ये दिसणारच नाही, वर फक्त एक आडवी पट्टी येईल. तो सेक्शन चुकीचा नसतो, पण पहिला सेक्शन म्हणून निरुपयोगी असतो. खांब मधोमध चिरत जाईल अशी रेषाही टाळतात, कारण मग खांबाच्या जागी भिंत असल्याचा भास होतो. रेषा दोन खांबांच्या मधून न्या, म्हणजे खांब मागे, बारीक रेषेत उभा दिसतो.

या अ-अ सेक्शनच्या शेजारी उत्तर एलिव्हेशन ठेवा. उत्तर एलिव्हेशन म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेली बाजू. ती बघायला आपण घराच्या उत्तरेला उभे राहतो आणि दक्षिणेकडे बघतो. अ-अ मध्येही नजर दक्षिणेकडेच आहे. त्यामुळे दोन्हींत पूर्व डावीकडे येते, डावीकडे छपरीचा लांब उतार, उजवीकडे मागचा आखूड उतार, आढं तेवढ्याच उंचीवर. बाह्यरेषा एकावर एक ठेवली तर जुळते. म्हणूनच फसगत होते.

फरक आतल्या भागात आहे. उत्तर एलिव्हेशनमध्ये आढ्यापर्यंत चढलेली एक सलग मातीची भिंत दिसते, तिच्या डावीकडे छपरीचा पहिला खांब, खाली जोतं आणि जमिनीची रेषा. भिंत किती जाड आहे ते तिच्यावरून कळत नाही. बाकीचे खांब पहिल्याच्या मागे लपतात, म्हणून एकच खांब काढायचा. सेक्शनमध्ये ती उत्तरेची भिंत गायब असते, कारण ती कापलेल्या आणि बाजूला काढलेल्या तुकड्यात गेली. तिच्या जागी समोर मधली भिंत येते, तिच्यात स्वयंपाकघराचं दार आणि कोनाडा. हे सगळं कापाच्या पलीकडे आहे, म्हणून बारीक रेषेत. मधली भिंत ३ मीटरवर थांबते, आढ्यापर्यंत जात नाही. धूर याच मोकळ्या जागेतून पसरून कवेलूंतून निघतो. त्या फटीतून पलीकडच्या दक्षिण भिंतीचा त्रिकोणही दिसायला हवा. बहुतेक शीटवर तिथे कोरा कागद असतो.

जाड रेषेत येतं ते फक्त कापलेलं: छप्पर, पूर्व भिंत दाराच्या वरच्या भागात, पश्चिम भिंत खिडकीच्या खाली आणि वर, जोत्याचा भराव. दार जिथून कापलं तिथे भिंत नाही, हे लक्षात ठेवा. पूर्व भिंत जोत्यापासून वरपर्यंत भरून काढली असेल तर रेषा दारातून गेलीच नाही असा अर्थ होतो. पेन्सिलने काम असेल तर कापलेलं २बी ने, दिसणारं एच ने, आणि आखणीच्या रेषा २एच ने. पेन असेल तर कापलेल्याला ०.५ मिलिमीटर आणि दिसणाऱ्याला ०.२ पुरते. हाताच्या अंतरावरून शीट बघितल्यावर कापलेला भाग आधी नजरेत भरला नाही, तर तो सेक्शन वाचता येत नाही.

पूर्व एलिव्हेशनमध्ये, म्हणजे दर्शनी बाजूत, चूक वेगळी होते. समोरून बघताना छपराचा उतार तिरपा दिसत नाही, तो सरळ उभा आयत दिसतो. या आयताची उंची किती? आढ्यापासून वळचणीपर्यंत आडवं अंतर १.९५ अधिक १.८ अधिक ०.४५, म्हणजे ४.२ मीटर. ३० अंशांना त्याची उतरण सुमारे २.४२ मीटर आणि उतारावरून मोजलेली लांबी सुमारे ४.८५ मीटर. एलिव्हेशनमध्ये २.४२ च येणार. १:५० स्केलला ते साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरच्या आसपास. टेपने कवेलूंवरून लांबी मोजून तीच उभी लावली तर ९७ मिलिमीटर होतात आणि छप्पर दुप्पट उंच होतं. ३० अंशांच्या उताराला ही चूक नेमकी दुप्पट असते, त्यामुळे पकडायला सोपी.

आता वळचण कुठे येते ते बघा. आढं जोत्यापासून सुमारे ४.१३ मीटरवर, त्यातून २.४२ वजा केले की वळचण १.७ मीटरवर राहते. दार मात्र १.९५ मीटर उंच आहे. म्हणजे पूर्व एलिव्हेशनमध्ये दाराचे वरचे २५ सेंटीमीटर वळचणीमागे लपतात. दाराची वरची चौकट काढायचीच नाही. बऱ्याच शीटवर पूर्ण दार दिसतं आणि वळचण त्याच्या वर सरकवलेली असते. मग तीच वळचण सेक्शनमध्ये खाली आणि एलिव्हेशनमध्ये वर, अशी दोन उंचींवर येते. उन्हाळ्यात पूर्वेचं ऊन दारापर्यंत येऊ नये म्हणून हे छप्पर इतकं खाली आणलेलं असतं. दाराची खरी उंची सेक्शनमध्ये बघायची. एलिव्हेशनमध्ये जे झाकलं जातं ते झाकलेलंच ठेवायचं.

हा घोळ होऊ नये म्हणून एलिव्हेशनच्या उंच्या सेक्शनवरून आडव्या आखून घ्या आणि लांब्या प्लॅनवरून उभ्या. शीटवर प्लॅन खाली, त्याची छपरी खालच्या कडेला, आणि त्याच्या बरोबर वर पूर्व एलिव्हेशन ठेवलं की टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअरने काम होतं, मोजपट्टी फार कमी लागते. अशा मांडणीत उत्तरेचा बाण उजवीकडे जातो. प्लॅनमध्ये आणि पूर्व एलिव्हेशनमध्ये स्वयंपाकघर डावीकडे येतं. पश्चिम एलिव्हेशनमध्ये तेच उजवीकडे गेलं पाहिजे, कारण आता आपण मागे उभे राहून पूर्वेकडे बघतोय. झरोका स्वयंपाकघराच्या भिंतीत आहे. मागच्या एलिव्हेशनमध्ये तो डावीकडे आला असेल तर ड्रॉइंग आरशातलं झालं. मागची वळचण २.७४ मीटरवर असल्याने झरोका तिथे पूर्ण दिसतो.

पाया मात्र तिन्हींपैकी फक्त सेक्शनमध्ये येतो. एलिव्हेशन जमिनीच्या रेषेवर थांबतं, प्लॅन त्याच्या वर कापलेला असतो. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया त्या भेगांच्या खाली उतरवावा लागतो आणि नव्या घराच्या सेक्शनमध्ये ती खोली आकड्यासकट लिहावी लागते. उभ्या असलेल्या घराची मापं घेत असाल तर पाया दिसत नाही. तिथे जोत्याच्या खालच्या रेषा तुटक ठेवून शेजारी ‘अंदाजे’ असं लिहा. घरमालकाने किंवा गवंड्याने खोली सांगितली असेल तर तो आकडाही तिथेच टाका आणि तो सांगण्यावरून घेतलाय हे नोंदवा.