खरं की खोटं, हे न विचारणारी यंत्रणा

नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदानाचा म्हणून एक व्हिडिओ फिरला. लिफ्टमध्ये शिरणारी एक तरुणी आणि तिचा चेहरा रश्मिकाचा. मूळ व्हिडिओ दुसऱ्याच एका तरुणीनं महिनाभर आधी स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकला होता. त्यातला फक्त चेहरा कुणीतरी बदलला. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातून एका तरुणाला अटक केली. फॅन पेजचे फॉलोअर वाढावेत म्हणून त्यानं हे केलं, असं पोलिसांनी सांगितलं.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डीपफेक कसा ओळखाल’ छापाच्या याद्यांना पूर आला. पापण्या मिटतात का पाहा, दात पाहा, कानातलं पाहा. पापण्यांची युक्ती खोटी नव्हती, शिळी होती. अमेरिकेतल्या ऑल्बनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं होतं, की तेव्हाच्या बनावट व्हिडिओंमधली माणसं फारशी डोळे मिचकावत नाहीत. कारणही साधं होतं. प्रोग्रॅम ज्या फोटोंवर शिकायचे त्यांत मिटल्या डोळ्यांचे फोटो जवळपास नसतच, कारण असे फोटो आपण टाकून देतो. हे छापून आलं आणि थोड्याच काळात बनावट माणसं पापण्या मिटायला लागली. आज ‘एका क्लिकमध्ये 99 टक्के अचूक’ म्हणत विकल्या जाणाऱ्या ओळख-अ‍ॅप्सचंही असंच आहे. अचूकता मोजलेली असते ती कालच्या बनावटींवर, आणि आपल्या फोनवर येते ती आजची, तीही चारदा फॉरवर्ड होऊन चुरगळलेली.

पण समजा, ओळखता आलं. मग पुढे काय? रश्मिकाचा तो व्हिडिओ बनावट आहे हे एक-दोन दिवसांत सगळ्या देशाला कळलं होतं. तरीही तो लोक बघतच राहिले. फसवणूक हा या प्रकरणातला अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा परवानगीचा, आणि त्यात एक नव्हे, दोन बायका आहेत. एकीचा चेहरा घेतला, दुसरीचं शरीर. विचारलं दोघींनाही नाही. दुसरीनं व्हिडिओ स्वतःहून जगासमोर ठेवला होता हे खरं, पण तिनं होकार दिला होता तो तिला, तिच्या चेहऱ्यानिशी बघण्याला. कुणाच्या तरी मुंडक्याखाली जोडायला धड म्हणून नव्हे.

व्यंगचित्रात नेत्याचं नाक वाट्टेल तेवढं लांब करता येतं, कारण ते कुणी पुरावा म्हणून बघत नाही. फोटोसारखा दिसणारा फोटो मात्र साक्ष देतो, आणि डोकं ‘हे खोटं आहे’ म्हणत असतानाही डोळा ती साक्ष नोंदवून ठेवतो. म्हणून कपडे उतरवलेल्या बनावट फोटोवर ‘हे कृत्रिम आहे’ असा शिक्का मारला, तरी ज्या मुलीचा तो फोटो आहे तिचं दुःख रतीभरही कमी होत नाही. शिक्क्यानं फसवणूक टळते. परवानगी मिळत नाही.

कायद्यात इथे एक चमत्कारिक फट आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे, पण माणसानं स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. म्हणजे उघड्या प्रोफाइलवरच्या फोटोंना त्याचा आधार मिळणं अवघड. (‘मी माझे फोटो वापरण्याची परवानगी देत नाही, हा मेसेज आपल्या भिंतीवर चिकटवा’ ही दरवर्षी फिरणारी पोस्ट तर ताईत आहे. ती चिकटवल्यानं कुठल्याही करारातलं एक अक्षरही बदलत नाही.) आधार मिळतो तो दुसरीकडून. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तोतयागिरी आणि अश्लील मजकुराची कलमं आहेत. शिवाय 2021 च्या नियमांत कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमांचा स्पष्ट उल्लेख आहे: बाधित व्यक्तीनं तक्रार केली की समाजमाध्यमानं 24 तासांत ती प्रतिमा हटवायची. पुढे ही मुदत आणखी घटवली गेली.

हटवायची, ठीक. पण एका जागेवरून हटवलेला फोटो दहा मिनिटांत दुसऱ्या खात्यावरून चढतो, आणि प्रत्येक वेळी तक्रार करायला त्या मुलीनं तो पुन्हा पुन्हा शोधत बसायचं का? या प्रश्नावरचं एक उत्तर मला फार आवडतं. कारण ते फोटो खरा की खोटा हे विचारतच नाही, आणि फोटो कुणाला दाखवायलाही लावत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये एका ब्रिटिश संस्थेनं stopncii.org ही सेवा सुरू केली. 18 वर्षांवरची व्यक्ती आपल्या फोनवरचा तो नको असलेला फोटो तिथे निवडते. फोटो फोनबाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा एक ठसा काढला जातो, तंत्राच्या भाषेत हॅश, आणि तेवढाच पुढे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक अशा सहभागी कंपन्या त्यांच्याकडे चढणाऱ्या फोटोंचे ठसे या यादीशी ताडून बघतात.

नेहमीचा हॅश इथे कामाचा नाही. फाइलमधला एक बाइट बदलला तर तो पूर्ण बदलतो, आणि फोटो एकदा फॉरवर्ड झाला की दाबला जाऊन त्यातले हजारो बाइट बदलतात. म्हणून फोटोंसाठी PDQ नावाची पद्धत वापरतात. फेसबुकनं ती 2019 मध्ये सर्वांसाठी खुली केली.

फोनच्या कॅमेऱ्याचा 4000 गुणिले 3000 ठिपक्यांचा फोटो घ्या, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपके. PDQ आधी त्यातला रंग काढून टाकते, उजेड-अंधार तेवढा ठेवते, आणि फोटो पुसट करत 64 गुणिले 64 वर आणते. सव्वा कोटीचे 4096 झाले. नाक-डोळे गेले, पण कुठे उजळ आणि कुठे गडद हे राहिलं. दुरून येणारा ओळखीचा माणूस चेहरा दिसण्याआधीच अंगलटीवरून ओळखू येतो. ठशाला हवी आहे ती अंगलट.

आता गंमत सुरू होते. हे 4096 आकडे तरंगांमध्ये मोडले जातात. कुठलंही चित्र म्हणजे उजेडाच्या आडव्या-उभ्या लाटांची बेरीज, असं गणिताला म्हणता येतं: काही लाटा संथ, चित्रभर एखादाच चढउतार असलेल्या, तर काही बारीक, दर दोन ठिपक्यांना हेलकावणाऱ्या. जेपीईजी फोटो दाबतो तेव्हा मुख्यतः बारीक लाटांवर कात्री चालवतो. म्हणून PDQ त्यांच्याकडे बघतच नाही. आडव्या 16 आणि उभ्या 16 संथ लाटांच्या जोड्या घेते, म्हणजे 256 आकडे. या आकड्यांचा मध्यक काढते. आकडा मध्यकापेक्षा मोठा असेल तर 1, नाहीतर 0. सव्वा कोटी ठिपक्यांच्या फोटोचे उरले 256 बिट, म्हणजे 32 बाइट. त्यांतून चेहरा परत उभा करता येत नाही. फार तर उजेडाचा एक डाग.

दोन ठसे जुळतात का, हे बघायला किती बिट वेगळे आहेत ते मोजायचं. 31 किंवा त्याहून कमी असले, तर फोटो तोच, असा सर्वसाधारण संकेत आहे. आकडा 31 च का? दोन असंबद्ध फोटोंचे बिट नाणेफेकीसारखे मानले, तर सरासरी 128 वेगळे निघतील आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, 8 येईल. 31 हे सरासरीपासून 97 नं खाली, म्हणजे बारा विचलनांहून दूर. शाळेत घंटेसारखा वक्र काढला असेल त्यांना आठवेल, तीन विचलनांपलीकडेच वक्र जमिनीला टेकल्यासारखा दिसतो. खरे फोटो नाण्यांइतके बेशिस्त नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर इतकं निवांत नसतं, आणि कोऱ्या भिंतीच्या फोटोचा ठसा तर भरवशाचाच नाही. पण चुकून जुळण्याची भीती का कमी, ते यातून कळावं.

आणि फोटो आरशासारखा उलटा केला तर? आडव्या लाटांपैकी विषम क्रमांकाच्या लाटांचं चिन्ह पालटतं, सम क्रमांकाच्या तशाच राहतात. 16 पैकी 8 आडव्या लाटा, प्रत्येकीबरोबर 16 उभ्या: म्हणजे जवळपास 128 बिट पालटले, अगदी परक्या फोटोइतके! ठशाला तो फोटो अनोळखी. पण कुठली चिन्हं पालटतील हे आधीच ठाऊक असल्यानं PDQ एकाच हिशेबात सरळ, उलटा आणि फिरवलेला असे आठही ठसे काढून देऊ शकते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून चहा करून आलो आणि परत वाचलं.

कापाकापीपुढे मात्र ती हतबल आहे. कडेचा चौथाई भाग कापला की सगळ्या लाटा नव्यानं मांडल्या जातात, आणि ठसा बदलतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. अ‍ॅपची पट्टी, नाव, लाइकची बटणं यांसकट घेतलेला स्क्रीनशॉट पोलिसांकडे पुरावा म्हणून हवाच, पण ठसा काढायला शक्यतो मूळ फाइल द्यावी, किंवा निदान चौकट बरोबर फोटोच्या कडांवर आणावी. व्हिडिओंसाठी तर या सेवेनं सुरुवातीला साधा, एका बाइटनं बदलणारा हॅशच वापरला, त्यामुळे तिथे जाळी आणखी विरळ.

ठसा जुळला म्हणून फोटो आपोआप उडवणंही बरं नव्हे. नाहीतर एखादा पुढारी स्वतःच्या अडचणीच्या, खऱ्या फोटोचाच ठसा यादीत घालेल. म्हणून जुळलेला फोटो आपल्या नियमांत बसतो का, हे कंपन्या स्वतः तपासतात.

खरी मर्यादा याहून आधीची आहे. ठसा काढायला तो फोटो हातात हवा, आणि पुष्कळदा जिचा चेहरा आहे तिला तो कधी दिसतच नाही. शिवाय त्याच चेहऱ्यावरून नवं चित्र बनवलं की ठसा नवा. म्हणजे थोपवायचं तर जिथे चित्र बनतं तिथेच. बोलता डिजिटल अवतार बनवून देणाऱ्या काही सेवा त्या माणसाकडून कॅमेऱ्यासमोर संमतीचं वाक्य म्हणवून घेतात आणि चेहरा जुळला तरच पुढे जातात. पण कपडे उतरवून देणाऱ्या साइट कुणाला कशाला विचारतील? ऑगस्ट 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकिलांनी अशा 16 साइटवर दावा लावला; त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतच त्यांना 20 कोटींवर भेटी झाल्या होत्या.

आपल्याकडे तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, आणि महिला व मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांत नाव न देताही. stopncii.org वर ठसा दिल्यावर प्रकरण क्रमांक आणि पिन मिळतो, तो जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या खाजगी संदेशांपर्यंत मात्र ही यादी पोचत नाही. तिथे मजकूर कुलूपबंद जातो आणि वाटेत ठसा काढायला कुणी नसतं, पाठवणारा आणि घेणारा सोडून.