धान्यसाठवणीचे डबे (बेळगाव सीमाभाग)

तांदूळ, पिठे व डाळी घरात कीड आणि ओल यांपासून राखण्यासाठी वापरली जाणारी स्टीलची, काचेची व प्लॅस्टिकची झाकणबंद भांडी. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतील मराठी घरांत वर्षाची बेगमी पूर्वी कणगीत, तर पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात पेवात होत असे. कन्नडमध्ये पेवाला हगेवु म्हणतात. स्टीलचे डबे साधारणतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले असावेत.

भांड्यांच्या नावांतील पिंप हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला, असे सामान्यतः मानतात. कणगीविषयी मतभेद संभवतो. संस्कृत ‘कण’ (दाणा) यापासून ती साधता येते. पण याच अर्थाचा कन्नड ‘कणज’ शेजारीच वापरात आहे. दोन्ही शब्द ‘कण’कडेच जात असतील, तर उसनवारीचा वाद बराच निवळतो, आणि तेच अधिक पटते. बरणी व कन्नड ‘भरणी’ यांचेही असेच. तेथे ‘भरणे’ या अर्थाची ओढ स्पष्ट दिसते.

हवाबंद डब्यात कीड होत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. तांदळातील सोंड्या (पोरकिडा) दाणा पोखरून आत अंडे घालतो व छिद्र बुजवून टाकतो. अळी दाण्यातच वाढते, म्हणून दुकानातून आणलेला स्वच्छ दिसणारा तांदूळही किडका असू शकतो. उबदार हवेत चार-पाच आठवड्यांनी प्रौढ किडा बाहेर पडतो. मे महिन्याच्या अखेरीस भरलेल्या डब्यात जुलैच्या सुरुवातीला किडे दिसले, तर ते बहुधा झाकणातून शिरलेले नसून तांदळाबरोबरच आलेले असतात.

झाकण अगदी घट्ट असेल, तर किडे व दाणे श्वसनाने आतला प्राणवायू संपवतात. त्याचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या खाली जाऊन तसेच टिकले, तर कीड मरते. मात्र येथे डबा किती भरलेला आहे, हे निर्णायक ठरते. वीस लिटरच्या डब्यात सुमारे 16 किलो तांदूळ मावतो, आणि दाण्यांच्या फटींत जवळपास 8 लिटर हवा उरते. तोच डबा 4 किलोवर आला की आतली हवा 17 लिटरच्या आसपास होते. म्हणजे किलोमागे हवा आठपटीहून अधिक वाढते. शिवाय रोज झाकण उघडल्याने ताजी हवा मिळत राहते. म्हणून 16 किलो एकाच पिंपात ठेवण्यापेक्षा चार-चार किलोचे डबे काठोकाठ भरावेत व एका वेळी एकच उघडावा. स्टीलच्या साध्या दाबझाकणातून हवा जाते. त्या मानाने रबरी कडीची काचेची बरणी सरस ठरते, पण तिच्यात फार धान्य मावत नाही.

ओलीचा प्रश्न खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, तीव्र असतो. तांदळात पाण्याचा अंश 13-14 टक्क्यांहून अधिक असेल, तर बंद डबा ती ओल आतच कोंडतो आणि बुरशीचा कुबट वास येतो. डाळी पावसाळ्यापूर्वी दोन दिवस उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर भराव्यात. कांडून पांढरा केलेला तांदूळ मात्र कडक उन्हात तडकतो व शिजताना त्याचा तुकडा पडतो; तो सावलीत पसरणे योग्य. पत्र्याचे पिंप फरशीवर टेकवल्यास तळ गंजतो, त्यामुळे त्याखाली लाकडी फळी घालून ते भिंतीपासून दूर ठेवावे.

पीठ बिघडण्याचे नेहमीचे कारण गिरणीतच असते. दळून आलेले पीठ गरम असते. तसेच डब्यात भरले तर वाफ थंड झाकणाला लागून दव धरते, ते खाली ठिबकते आणि वरच्या थरात गुठळ्या होतात. त्यामुळे पीठ कागदावर पसरून हाताला गार लागेपर्यंत थांबावे. पिठातील तांबडा भुंगेरा अखंड दाणा सहसा पोखरू शकत नाही; तो चुरा व पीठ यांवर जगतो आणि पिठाला उग्र वास आणतो. जाळी धरणे हे पाकोळीच्या अळीचे लक्षण होय. फिरकीच्या झाकणाच्या आट्यांत अडकलेले जुने पीठ हे भुंगेऱ्याचे ठाणे असते. जुन्यावर नवे पीठ ओतू नये. डबा धुऊन पूर्ण वाळवावा व आटे ब्रशाने साफ करावेत. ज्वारीच्या पिठाची विरी डब्यातही जातेच, म्हणून ते आठवड्यापुरतेच दळतात.

अख्ख्या कडधान्यावरील भुंगेरा दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो; मुगावर वा चवळीवर पांढरे ठिपके दिसले की ओळखावे. किलोला सुमारे 5 मिलि. खाद्यतेल चोळल्यास अंडी गुदमरतात. फुटलेल्या डाळीत हा किडा फारसा वाढत नाही.

पातळ प्लॅस्टिकची पिशवी काही किडे कुरतडून भोक पाडतात. जाड डब्यांना तो धोका कमी असतो, पण ते तेलाचा व मसाल्याचा वास धरून ठेवतात. तांदळात बोरिक पावडर घालण्याची रीत काही घरांत आहे. खाण्याच्या धान्यात ती टाळावी. कीड मारण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून प्राणघातक वायू निघतो. राहत्या घरात त्या वापरू नयेत.