प्रीप्रिंट आणि तज्ज्ञ-परीक्षित लेख : विश्वासार्हतेची पारख

नियतकालिकाने तज्ज्ञांकडून तपासून घेण्यापूर्वीच लेखकांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या शोधनिबंधाला प्रीप्रिंट म्हणतात. पदार्थविज्ञान व गणितात ही पद्धत जुनी आहे. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू केलेला आर्काइव्ह हा संग्रह २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेला. जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठी मेडआर्काइव्ह जून २०१९ मध्ये सुरू झाला. त्यानंतर वर्षभराच्या आत कोव्हिडची साथ आली आणि उपचार, लॉकडाऊन, लसीकरण यांसंबंधीचे निर्णय अजून कोणी तपासलेले नाहीत अशा निबंधांच्या आधारे घेण्याची वेळ आली. प्रीप्रिंटवर किती भरवसा ठेवावा हा प्रश्न त्या काळात जितका कसाला लागला, तितका पूर्वी कधीच लागला नव्हता. म्हणून या नोंदीतील उदाहरणे त्याच काळातली आहेत.

मेडआर्काइव्हसारख्या संग्रहात निबंध येण्यापूर्वी प्राथमिक चाळणी होते. मजकूर उचललेला नाही ना, तो खरोखर संशोधनाचा आहे ना, आणि तो प्रसिद्ध झाल्याने लोकांच्या आरोग्याला धोका नाही ना, एवढेच त्यात पाहिले जाते. पद्धत योग्य आहे का, आकडेमोड बरोबर आहे का, निष्कर्ष आकड्यांतून खरोखर निघतो का, हे प्रश्न चाळणीत येत नाहीत. ते तज्ज्ञ-परीक्षणाचे काम. नियतकालिकाचा संपादक निबंध सहसा दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते मजकूर, तक्ते आणि पुरवण्या वाचतात, शंका काढतात आणि बदल सुचवतात. ते प्रयोग पुन्हा करत नाहीत आणि बहुधा मूळ माहितीसंचही उघडून पाहत नाहीत. हे नीट लक्षात घेतले तर पारखण्याची दिशा ठरते. काही चुका निबंधाच्या मजकुरातच दिसतात. त्या परीक्षक पकडू शकतो आणि सावध वाचकही पकडू शकतो. काही चुका मजकुरामागच्या माहितीत दडलेल्या असतात. त्या दोघांच्याही नजरेतून सुटतात.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा परगण्याचे प्रतिपिंड-सर्वेक्षण. त्याचा प्रीप्रिंट एप्रिल २०२० मध्ये मेडआर्काइव्हवर आला. ३ व ४ एप्रिल रोजी ३,३३० लोकांच्या रक्ताची चाचणी केली होती आणि ५० जणांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे १.५ टक्के. नमुन्यातील लोक परगण्याच्या लोकसंख्येसारखे नव्हते, म्हणून वस्ती, लिंग आणि वंश यांनुसार भार देऊन हा आकडा २.८ टक्क्यांवर नेला गेला. त्यात चाचणीच्या चुकांसाठी दुरुस्ती केल्यावर अंदाज २.५ ते ४.२ टक्क्यांच्या दरम्यान आला. त्यावरून परगण्यात ४८,००० ते ८१,००० लोकांना संसर्ग होऊन गेला असावा असे लेखकांनी मांडले. त्या वेळी नोंदलेले रुग्ण हजाराच्या आसपास होते, म्हणजे प्रत्यक्ष संसर्ग नोंदीच्या ५० ते ८५ पट. मग रोगाचा मृत्युदर समजला जात होता त्यापेक्षा पुष्कळच कमी ठरत होता, त्यामुळे बातमी दोन दिवसांत जगभर पोहोचली.

निष्कर्षाची सगळी भिस्त एका आकड्यावर होती : चाचणीची विशिष्टता, म्हणजे ज्याला संसर्ग झालेलाच नाही त्याला ‘नाही’ असेच सांगण्याची तिची क्षमता. विशिष्टता तपासण्यासाठी ज्यांत प्रतिपिंडे असणे शक्य नव्हते असे जुने नमुने वापरले होते. उत्पादकाने तपासलेल्या ३७१ नमुन्यांपैकी २ आणि संशोधकांनी स्वतः तपासलेल्या ३० पैकी एकही नाही, असे मिळून ४०१ मध्ये २ खोटे ‘हो’ निघाले. म्हणजे विशिष्टता ९९.५ टक्के. ऐकायला हा आकडा भक्कम वाटतो. पण तो केवळ दोन घटनांवर उभा आहे, त्यामुळे त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असावा असे मानता येते तो पट्टा, ९८.३ ते ९९.९ असा रुंद येतो. तो सर्वेक्षणाला लावून पाहावा. विशिष्टता ९९.५ असेल तर ३,३३० निरोगी लोकांत सुमारे १७ खोटे ‘हो’ निघतील, आणि ५० पैकी ३३ खरे उरतील. ती ९८.३ असेल तर खोट्या ‘हो’ची संख्या ५७ होईल. प्रत्यक्षात मिळाले होते ५०. याचा अर्थ, त्या तक्त्यांपुरते पाहिले तर परगण्यात एकालाही संसर्ग झालेला नाही ही शक्यतासुद्धा खोडता येत नव्हती. आजार दुर्मीळ असला की चाचणीतला अर्ध्या-एक टक्क्याचा फरकही संपूर्ण निष्कर्ष गिळून टाकतो. हा हिशेब करायला तज्ज्ञ असावे लागत नाही. वजाबाकी व गुणाकार येणे आणि अंतरालाकडे लक्ष देणे पुरते.

अँड्र्यू गेलमन यांच्यासह अनेक संख्याशास्त्रज्ञांनी ही त्रुटी काही दिवसांतच जाहीरपणे दाखवून दिली. एप्रिलच्या शेवटी लेखकांनी दुसरी आवृत्ती दिली. तिच्यात विशिष्टतेसाठी वेगवेगळ्या ठिकाणचे ३,३२४ जुने नमुने एकत्र केले होते आणि त्यांत १६ खोटे ‘हो’ होते. विशिष्टता पुन्हा ९९.५ टक्केच आली, पण आता तिच्यामागे दोनऐवजी सोळा घटना होत्या. संसर्गितांचा अंदाज २.८ टक्के, म्हणजे ५४,००० झाला आणि मर्यादा २५,००० ते ९१,००० अशी दिली गेली. मधला आकडा फारसा हलला नाही; अनिश्चितता मात्र पहिल्या वेळेपेक्षा प्रामाणिकपणे समोर आली. इथेही एक गृहीतक उरतेच : सगळे नमुनासंच एकसारखे वागतात असे मानूनच ते एकत्र करता येतात. गेलमन आणि बॉब कार्पेंटर यांनी विशिष्टता संचागणिक बदलू शकते असे धरून गणित मांडले, तेव्हा अनिश्चितता आणखी वाढली.

हा निबंध पुढे २०२१ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’मध्ये तज्ज्ञ-परीक्षण होऊन प्रसिद्ध झाला. त्यातही अंदाज २.८ टक्केच आहे. परीक्षणाने चाचणीचा हिशेब सावरला. पण सर्वेक्षणातील लोक फेसबुकवरील जाहिरातीतून आले होते, ही गोष्ट परीक्षण बदलू शकत नव्हते. आधी ताप-खोकला येऊन गेलेल्या माणसाला अशा चाचणीची ओढ जास्त असते, आणि अशी माणसे किती आली हे नंतर कोणत्याही भाराने पूर्णपणे दुरुस्त होत नाही. माझ्या मते या प्रकरणातून घेण्याजोगी खरी गोष्ट हीच आहे. नियतकालिकाचा शिक्का मिळाल्यावर विश्लेषणातली चूक कमी होते. नमुना गोळा करताना झालेली चूक आहे तिथेच राहते.

दुसऱ्या प्रकारची चूक, मजकुरामागे दडलेली, परीक्षण झालेल्या लेखातच सर्वांत ठळकपणे दिसली. ‘द लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी ९६,०३२ रुग्णांवरचा एक निबंध छापला. सर्जिस्फिअर या कंपनीच्या माहितीसंचावर तो आधारलेला होता, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्याने मृत्यू वाढतात असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने तीनच दिवसांत त्या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबवली. मजकूर नेटका होता, तक्ते व्यवस्थित होते. पण बाहेरच्या वाचकांनी ऑस्ट्रेलियाचे आकडे तपासले, तेव्हा २१ एप्रिलपर्यंत निबंधातल्या काही मोजक्या रुग्णालयांत ७३ मृत्यू दाखवलेले होते, आणि संपूर्ण देशात तोवर नोंदलेले मृत्यू होते ६७. मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळू शकली नाही आणि निबंध ४ जूनला मागे घेतला गेला. त्याच दिवशी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नेही याच कंपनीच्या माहितीवरचा दुसरा निबंध मागे घेतला. जगातल्या दोन अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकांचे परीक्षण इथे अपुरे पडले, कारण परीक्षकांपुढे मूळ माहिती नव्हतीच. परीक्षित लेख वाचतानाही माहिती कोणाच्या ताब्यात आहे, ती कोणी पाहू शकते का आणि ती बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक आकड्याशी जुळते का, हे विचारलेच पाहिजे.

याउलट ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा डेक्सामेथासोन या औषधावरचा प्रीप्रिंट २२ जून २०२० रोजी आला. आराखडा आधीच नोंदवलेला व जाहीर होता. कोणाला औषध द्यायचे हे यादृच्छिकपणे ठरले होते. २,१०४ जणांना औषध आणि ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार मिळाले. मोजायची गोष्टही अशी की तिच्यात वाद घालायला जागा नाही : २८ दिवसांत मृत्यू झाला की नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत औषध घेतलेल्यांपैकी २९.० टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ४०.७ टक्के दगावले, असे प्रीप्रिंटने सांगितले. जुलैमध्ये परीक्षण होऊन लेख छापला गेला तेव्हा हेच आकडे २९.३ आणि ४१.४ झाले. परीक्षणाची वाट पाहणाऱ्या डॉक्टरला त्यातून नवे काही कळले नाही. ज्याने प्रीप्रिंटमधला आराखडा वाचून औषध सुरू केले, त्याच्या रुग्णांना मधल्या साडेतीन आठवड्यांत फायदा झाला.

एकूण प्रमाणही याच दिशेने जाते. साथीच्या पहिल्या चार महिन्यांत आलेले आणि नंतर छापून आलेले प्रीप्रिंट तपासणारा एक अभ्यास २०२२ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त आला. कोव्हिडवरील सुमारे १७ टक्के निबंधांच्या सारांशातील निष्कर्षात लक्षणीय बदल झाला होता, इतर विषयांत सुमारे ७ टक्के. मात्र यात छापून आलेलेच प्रीप्रिंट आहेत. जे कधीच छापले गेले नाहीत, त्यांच्याबद्दल या आकड्यांवरून काही म्हणता येत नाही.

वाचकाच्या हातात एक साधन नेहमी असते : आवृत्त्यांचा इतिहास. संग्रहात प्रत्येक आवृत्ती `v1`, `v2` अशी जपून ठेवलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून फक्त सारांशातले आकडे आणि मर्यादांचा परिच्छेद वाचला तरी पुष्कळ उलगडते. मधला आकडा तसाच राहून अंतराल रुंदावला, तर टीका ऐकली गेली असे समजावे. आकडा बदलला पण शीर्षकातला दावा तेवढाच ठाम राहिला, तर थांबावे. मोजायची मुख्य गोष्टच बदललेली दिसली आणि तिचे कारण दिलेले नसेल, तर नोंदवलेला आराखडा उघडून आधी काय मोजायचे ठरले होते ते पाहावे. बातमी बहुधा `v1`वर बेतलेली असते, म्हणून उद्धृत करताना आवृत्तीचा क्रमांक लिहावा आणि त्याआधी निबंध छापला गेला आहे का किंवा मागे घेतला गेला आहे का, हे त्याच पानावर तपासावे.

केवळ वर्षानुवर्षे छापून न आल्याने प्रीप्रिंट चुकीचा ठरत नाही. ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वँकारे अटकळीची सिद्धता २००२-०३ मध्ये आर्काइव्हवर तीन निबंधांत ठेवली आणि ती कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. गणितज्ञांच्या अनेक गटांनी काही वर्षे ओळ अन् ओळ तपासून ती मान्य केली. तिथे परीक्षण झालेच. ते नियतकालिकाबाहेर, उघडपणे आणि नेहमीपेक्षा कितीतरी खोलात झाले. गणितात हे शक्य होते, कारण सिद्धतेला लागणारे सगळे पानावरच असते. वैद्यकात पानामागे रुग्ण असतात, त्यांच्या नोंदी असतात, आणि त्या कोणीतरी प्रत्यक्ष उघडून पाहाव्या लागतात.