पॅन तापते कसे आणि उष्णता धरते किती

बिडाचे पॅन सगळीकडे सारखे तापते, असे अनेकदा सांगितले जाते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे उलटे आहे. उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेत अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण चौपट सरस आहे आणि स्टेनलेस स्टील तर बिडाच्याही बरेच मागे पडते. याची खात्री करून घ्यायची असेल, तर लेप नसलेल्या कोरड्या पॅनमध्ये पिठाचा पातळ थर पसरून ते मध्यम आचेवर ठेवावे. बिडाच्या पॅनमध्ये ज्योतींच्या बरोबर वर तपकिरी कडे उमटते, तर कडेचे पीठ बराच वेळ पांढरेच राहते. मग बिडाची ख्याती कशामुळे? तिचे कारण उष्णतेच्या वहनात नसून साठ्यात आहे.

एखादे भांडे एक अंशाने तापवायला किती उष्णता लागते, हे त्या धातूची विशिष्ट उष्णता आणि भांड्याचे वजन यांच्या गुणाकारावरून ठरते. एक ग्रॅम लोखंडाला सुमारे ०.४६ जूल लागतात, तर एक ग्रॅम अॅल्युमिनियमला ०.९ जूल, म्हणजे ग्रॅमागणिक अॅल्युमिनियमच वरचढ आहे. मात्र बिडाचे मध्यम आकाराचे पॅन सहज दोन किलोचे असते आणि अॅल्युमिनियमचे हलके नॉन-स्टिक पॅन अर्ध्या किलोच्या आसपास. त्यामुळे पहिल्याला दर अंशाला सुमारे ९२० जूल लागतात आणि दुसऱ्याला ४५०.

आता ही दोन्ही पॅन २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यांत ओलसर, थंड पदार्थ टाकला, असे समजू. त्यातले केवळ २० ग्रॅम पाणी वाफ होऊन जायला सुमारे ४५ हजार जूल लागतात. खालची आच क्षणभर हिशेबातून वगळली, तर तेवढ्याने बिडाचे पॅन १५० अंशांच्या आसपास उतरते, पण हलके पॅन थेट १०० अंशांवर येते. पदार्थाला खमंग तपकिरी रंग देणारी मेलार्ड अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या वर वेग घेते. त्यामुळे एकात पदार्थ परततो आणि दुसऱ्यात स्वतःच्याच पाण्यात शिजत राहतो. प्रत्यक्षात ज्योत ही घट काही अंशी भरून काढत असल्यामुळे फरक इतका टोकाचा दिसत नाही, पण पॅनमध्ये एकदम भरपूर पदार्थ टाकला की तो लगेच जाणवतो. तळाशी पाणी साचले आणि चरचर थांबून खदखद ऐकू येऊ लागली, की साठा संपला असे समजावे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील साउथ पिट्सबर्ग येथे १८९६ पासून बिडाची भांडी ओतणाऱ्या लॉज कंपनीच्या पॅनचे वजन हातांना जाचते खरे, पण या कामात तेच वजन उपयोगी पडते.

नॉन-स्टिकचा धोकाही याच हिशेबातून कळतो. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या टेफालने लोकप्रिय केलेला लेप पीटीएफईचा असतो. टेफ्लॉन हे त्याचेच व्यापारी नाव. तो सुमारे २६० अंशांपर्यंत वापरावा असे मानले जाते, आणि ३५० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊन निघणारा धूर माणसाला त्रासदायक, तर पाळीव पक्ष्यांना जीवघेणा ठरतो. ज्योतीतून पॅनपर्यंत सेकंदाला ७५० जूल पोहोचत असतील, तर अर्ध्या किलोचे रिकामे पॅन ३० अंशांवरून २६० अंशांवर यायला सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ पुरतो. फोन घ्यायला जाऊन परत येण्याइतकाच हा अवधी आहे. म्हणून असे पॅन रिकामे तापवू नये आणि ते मंद ते मध्यम आचेवरच वापरावे. पदार्थ खरपूस परतण्यासाठी त्याची निवड मला तरी चुकीची वाटते.

स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही आणि आंबट पदार्थाने त्याचे काही बिघडत नाही, पण एकट्या स्टीलचे पातळ पॅन ज्योतीवर ठिपक्याठिपक्यांनी करपवते. यावर धातुतज्ज्ञ जॉन उलाम यांनी स्टीलच्या पत्र्यांमध्ये अॅल्युमिनियम दाबून बसवण्याचा मार्ग काढला आणि १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथे ऑल-क्लॅड कंपनी सुरू केली. अशा भांड्यात उष्णता अॅल्युमिनियम पसरवते आणि पदार्थाचा संबंध फक्त स्टीलशी येतो. स्वस्त भांड्यांत मात्र बऱ्याचदा अॅल्युमिनियमची चकती केवळ तळाला जोडलेली असते. तिच्या कडेची खाच बाहेरून बोटाला लागते. ज्योत त्या चकतीबाहेर गेली, की भिंतीचे एकेरी स्टील तापते आणि आत नेमके त्याच उंचीवर करपल्याचे वर्तुळ उमटते. आच चकतीपुरती ठेवली तर ते उमटत नाही.