प्लेट्स बाजूला कोणी ठेवल्या?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पेनिसिलिनवरचा शोधनिबंध १९२९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल पॅथॉलॉजी’मध्ये छापून आला. त्याची सुरुवात मराठीत सांगायची तर साधारण अशी आहे: स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या प्रकारांवर काम सुरू असताना काही कल्चर-प्लेट्स प्रयोगशाळेतल्या टेबलावर बाजूला ठेवण्यात आल्या आणि अधूनमधून तपासण्यात आल्या. तपासताना त्या हवेत उघड्या पडणे अपरिहार्य होते, त्यामुळे त्यांत निरनिराळे सूक्ष्मजीव शिरले. तेव्हा असे लक्षात आले की बाहेरून आलेल्या एका बुरशीच्या मोठ्या वसाहतीभोवती जिवाणूंच्या वसाहती पारदर्शक झाल्या आहेत.

प्लेट्स ठेवणारा, तपासणारा, बुरशी पाहणारा असा एकही माणूस या तीन वाक्यांत नाही. शास्त्रीय लिखाण असेच असते, असे आपल्याला शाळेच्या जर्नलपासून सांगितलेले असते. पण या उताऱ्यात ही रचना एका ठिकाणी उत्तम काम करते आणि दुसऱ्या ठिकाणी वाचकाला अडचणीत टाकते.

आधी चांगली बाजू. या उताऱ्याचा विषय प्लेट्स आहेत. त्या ठेवल्या गेल्या, तपासल्या गेल्या, उघड्या पडल्या, दूषित झाल्या. वाचकाची नजर टेबलावरून हलत नाही. प्रत्येक वाक्यात ‘मी’ आला असता तर ती फ्लेमिंगांकडे आणि परत प्लेट्सकडे अशी फिरत राहिली असती. कृती कोणीही केली तरी निकाल तोच यायला हवा असेल, तिथे कर्त्याचे नाव खरोखर निरुपयोगी असते. ‘द्रावण ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि गाळून घेतले’ या वाक्यात कोणी तापवले हे विचारावेसेही वाटत नाही.

आता अडचण. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंवर काम करते. पूर्ण वाढलेल्या वसाहतींवर नाही. म्हणजे आधी जिवाणू वाढवून मग त्यांच्या शेजारी बुरशी लावली, तर फ्लेमिंगांना दिसले तसे दृश्य सहसा दिसतच नाही. त्यांचे सहकारी रोनाल्ड हेअर यांनी हे कोडे पुढे सोडवायचा प्रयत्न केला. त्यांचे स्पष्टीकरण असे: १९२८च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग सुट्टीवर गेले, प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये न जाता टेबलावरच राहिल्या, सुरुवातीच्या थंड दिवसांत बुरशी वाढली आणि ऊब वाढल्यावर जिवाणू उगवले. ‘प्लेट्स बाजूला ठेवण्यात आल्या’ या वाक्यात सुट्टी नाही, दिवस नाहीत, तापमान नाही.

हे सगळे पाप कर्मणीच्या माथी मारणे बरोबर नाही. कर्तरीत लिहूनही माणूस तापमान विसरू शकतो. पण ‘मी प्लेट्स टेबलावर ठेवून सुट्टीवर गेलो’ असे लिहिले की कधी, किती दिवस, कुठे हे प्रश्न वाचकाच्याच नव्हे तर लेखकाच्याही मनात येतात. ‘ठेवण्यात आल्या’ वाचून ते येत नाहीत, कारण ते वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटते.

शास्त्रीय लिखाणात कर्तरी वापरावा की कर्मणी, हा सगळा वाद मुळात इंग्रजीचा आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा आणता येत नाही. ‘आम्ही नमुने तपासले’ हे वाक्य अर्थाने सरळ कर्तरी वाटते, पण क्रियापद ‘नमुने’प्रमाणे चालते, म्हणून व्याकरणात तो कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या धर्तीचे ‘आमच्याकडून नमुने तपासले गेले’ हे व्याकरणकारांनी ‘नवीन कर्मणी’ म्हणून वेगळे काढले आहे.

इंग्रजीत पॅसिव्ह दोन कामे करतो: कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणतो आणि कर्ता गाळतो. मराठीत दोन्ही कामे त्याच्याशिवाय होतात. कर्म पुढे आणायचे तर ‘नमुने आम्ही दुसऱ्या दिवशी तपासले’ म्हणा. कर्ता नको असेल तर ‘नमुने दुसऱ्या दिवशी तपासले’ म्हणा. मग ‘नमुने दुसऱ्या दिवशी तपासण्यात आले’ या वाक्याने जास्तीचे काय दिले? माझ्या मते फक्त सरकारी परिपत्रकाचा सूर. तो अधूनमधून चालतो. प्रत्येक वाक्यात आला की कंटाळा येतो. आणि ‘संशोधकांद्वारे तपासले गेले’ तर नकोच. कर्ता सांगायचाच आहे, तर ‘संशोधकांनी तपासले’ यात काय वाईट आहे?

एक सापळा मात्र मराठीतही आहे. ‘ढवळून’, ‘गाळून’, ‘मोजून’ ही रूपे पुढच्या क्रियेचा कर्ता तोच असावा अशी अपेक्षा करतात. ‘द्रावण ढवळून तापमान वाढले’ या वाक्यात जणू तापमानानेच द्रावण ढवळले. कर्ता गाळायची सवय लागली की ही चूक बेमालूम घुसते. ‘द्रावण ढवळल्यावर तापमान वाढले’ असे केले की झाले.

कर्ता कुठे गाळू नये? जिथे निर्णय घेतला गेला तिथे. ‘सात नमुने वगळण्यात आले’ या वाक्याचे पुढे काय करायचे ते वाचकाला कळत नाही. निकाल पाहण्याआधी वगळले की नंतर? ज्याला निकाल माहीत होता त्यानेच का? ‘निकाल उघडण्याआधी, भांडे फुटल्यामुळे, आम्ही सात नमुने वगळले’ असे लिहिले तर मतभेद असले तरी ते नेमक्या गोष्टीवर होतील. तसेच ‘असे मानले जाते’ आणि ‘असे आढळून आले आहे’. हे मानणारे तुम्ही, की सगळे शास्त्रज्ञ? आढळले ते याच प्रयोगात, की दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाला? निष्कर्षाच्या भागात ही वाक्ये मला सगळ्यात जास्त खटकतात.

वैद्यकीय चाचण्यांमध्ये तर कर्ता हीच माहिती असते. चाचणीचा अहवाल कसा लिहावा याची ‘कॉन्सॉर्ट’ नावाची यादी आहे. तिची २०१०ची आवृत्ती ‘कोण’ हा प्रश्न स्पष्ट विचारते: रुग्णांची यादृच्छिक वाटणी कोणी तयार केली, रुग्णांना चाचणीत कोणी घेतले, त्यांना उपचाराच्या गटांत कोणी घातले, आणि वाटणीनंतर ती कोणापासून लपवून ठेवली. कारण सोपे आहे. वाटणीची यादी बनवणाराच रुग्ण निवडणार असेल, तर बरे होण्याजोगे रुग्ण नव्या औषधाच्या गटात सरकवण्याची वाट मोकळी राहते. ‘रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली’ या वाक्यातून ही वाट बंद होती की उघडी, हे सांगता येत नाही.

कारखान्यातल्या सूचनांचे वेगळे. ‘झडप बंद केली जावी’ असा फलक वाचणारे तिघे असतील, तर तिघांनाही ते काम दुसऱ्याचे वाटू शकते. त्यातच ‘झडप बंद असावी’ असे लिहिले तर ती आता बंद करायची, की आधीच बंद आहे एवढे पाहायचे, हेही धूसर राहते. ‘पंप सुरू करण्याआधी पाळीच्या ऑपरेटरने झडप बंद करावी आणि वहीत वेळ लिहावी’ हे वाक्य लांब आहे. पण चुकून पंप आधी सुरू झाला, तर वही उघडून वेळेची नोंद कोणाच्या पाळीत राहिली ते पाहता येते.