कमानीचा रेटा

दगड-विटांच्या कमानी, कमानी छते आणि घुमट आपला भार केवळ दाबाच्या जोरावर आधारांपर्यंत नेतात. हे करताना ते आधारांना खाली दाबतात आणि बाहेरही ढकलतात. या बाहेरच्या ढकलण्याला रेटा म्हणतात.

दगड दाबाला खंबीर असतो, पण ओढला की तडकतो. चुन्याचा सांधा तर ओढल्यावर त्याहूनही लवकर सुटतो. खांबांवर आडवी दगडी तुळई टाकली की ती किंचित वाकते, तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, मोठा असेल तर ती मधोमध मोडते. कमानीत ही वेळ येत नाही. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. माथ्यावरचा दगड खाली सरकू पाहतो, शेजारचे दोन्ही दगड त्याला दोन्हीकडून दाबून धरतात आणि हा दाब दगडामागून दगड असा उतरत आधाराशी येतो. तिथे तो तिरका येऊन पोचतो. तिरक्या बलाचा एक भाग उभा असतो, तो पाया पेलतो. दुसरा भाग आडवा असतो, आणि तो कमानीतल्या कमानीत जिरवण्याची काहीच सोय नसते. चुना कितीही पक्का असला किंवा कारागिरी कितीही सफाईदार असली तरी हा आडवा भाग कमी होत नाही.

दोरीकडे पाहिले की हे लवकर पटते. दोन्ही टोके धरून लोंबती सोडलेली दोरी हातांना आत ओढते. ती जितकी ताठ धरावी तितकी ओढ वाढते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ साली मांडलेला नियम असा, की लोंबत्या दोरीचा आकार उलटा केला तर तोच कमानीचा आकार होतो. ताणाच्या जागी दाब येतो आणि आतल्या ओढीच्या जागी बाहेरचा रेटा.

रेटा किती, हे गाळ्याच्या रुंदीवर आणि कमानीच्या उंचीवर ठरते. समान पसरलेल्या भारासाठी ढोबळ सूत्र H = wL²/8f असे आहे. यात w म्हणजे दर मीटरचा भार, L म्हणजे गाळा आणि f म्हणजे आधारापासून माथ्यापर्यंतची उंची. समजा, अर्धा मीटर जाडीच्या भिंतीत ४ मीटर गाळ्याची आणि १ मीटर उंचीची कमान आहे आणि तिच्यावर दर मीटरला २ टन भार आहे. एकूण ८ टनांपैकी प्रत्येक आधारावर ४ टन उभा भार येतो आणि रेटाही ४ टनच निघतो. उंची अर्धा मीटर केली तर रेटा ८ टन होतो, २ मीटर केली तर २ टन. बसक्या कमानी दिसायला देखण्या असतात, पण त्यांचा खर्च शेजारच्या भिंतीत करावा लागतो.

आता त्या १ मीटर उंचीच्या कमानीचा टोकाचा खांब पाहू. कमान जमिनीपासून ३ मीटरवर सुरू होते आणि खांब वरच्या बांधकामासह ५ मीटर उंच आहे. ४ टनांचा रेटा ३ मीटरवरून त्याला बाहेर उलथवू पाहतो. खांबाचे स्वतःचे वजन आणि आतल्या कडेवर आलेला कमानीचा भार त्याला जागेवर धरतात. दगडी बांधकामाचे वजन दर घनमीटरला सुमारे २.४ टन धरले, तर खांब साधारण १.४५ मीटर रुंद असताना दोन्ही बाजू बरोबर तुल्यबळ होतात, म्हणजे तो उलथण्याच्या काठावर असतो. २ मीटर रुंद केला की एकूण बलाची रेषा पायाशी बाहेरच्या कडेपासून अर्धा मीटर आत पडते. कमान २ मीटर उंच असेल तर ही काठावरची रुंदी ०.९ मीटरवर येते. जुन्या वास्तूंमध्ये कोपऱ्यावरचे खांब आडदांड का ठेवले असतील, ते या हिशेबातून दिसते. भिंत जाड करायची नसेल तर कमानीच्या दोन पायांमध्ये ओढबंध टाकतात. ४ टनांसाठी साधारण २० मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई पुरते. एका ओळीत कमानी असतील तर मधल्या खांबांवर दोन्हीकडचे रेटे एकमेकांना भिडून निभावतात. म्हणून अशा ओळीतली एक कमान काढून टाकणे फार धोक्याचे असते.

कमान बांधताना खाली लाकडी सेंटरिंग असते. ते काढताच कमान आधारांना रेटते आणि आधार थोडेतरी बाहेर सरकतातच. त्यामुळे गाळा किंचित रुंद होतो आणि माथा किंचित खाली येतो. माथ्याशी भेग खालून उघडते, बगलांशी म्हणजे माथा आणि आधार यांच्यामधल्या भागात ती वरच्या अंगाला उघडते. या भेगा पाहून लोक घाबरतात, पण तीन ठिकाणी तडकलेली कमान शतकानुशतके उभी राहू शकते, कारण दाबाची रेषा अजूनही दगडाच्या जाडीतूनच जात असते. आणखी सांधे बिजागरीसारखे उघडू लागले की मात्र ती कोसळते. भेग जुनी व थांबलेली आहे की वाढते आहे, हे तिच्यावर काचेची पट्टी पक्की चिकटवून कळते. आधारावर ओळंबा सोडून तो बाहेर झुकतो आहे का, हेही पाहावे. नुसत्या भेगेवर गिलावा मारला तर हा पुरावाच झाकला जातो.

कमान लांबीत ओढत नेली की कमानी छत तयार होते आणि रेटा सलग भिंतीभर पसरतो. अशा भिंतीत मोठी दारे-खिडक्या पाडणे कठीण होते.

घुमटाची गोष्ट वेगळी आहे. अर्धगोल, सारख्या जाडीच्या घुमटात माथ्यापासून सुमारे ५२ अंशांपर्यंत आडवी वलये दाबाखाली असतात. त्याखाली ती ताणाखाली येतात, आणि दगडाला ताण नको असतो. म्हणून घुमटाच्या खालच्या भागात पायापासून वर जाणाऱ्या उभ्या भेगा पडतात. त्यानंतर घुमट जणू एकमेकांना टेकलेल्या अनेक कमानींसारखा वागतो आणि खालच्या भिंतीला सगळीकडे बाहेर रेटतो.

रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला अशाच भेगा पडल्या होत्या. त्याचा आतला व्यास सुमारे ४२ मीटर आहे. १७४३ साली जोव्हान्नी पोलेनी या पंडिताला तो तपासायला बोलावले गेले. त्याने घुमट ५० फाकींत विभागला, समोरासमोरच्या दोन फाकी मिळून एक कमान मानली आणि तिचे ३२ भाग केले. मग त्या ३२ भागांच्या वजनांच्या प्रमाणात एका दोरीला ३२ वजने लोंबवली. दोरीने घेतलेला आकार उलटा करून घुमटाच्या छेदात बसवला, तर तो पूर्णपणे जाडीच्या आत राहिला. भेगा पडल्या तरी घुमट सुरक्षित आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. तरीही रेटा थोपवण्यासाठी त्याने लोखंडी कडी घालायचा सल्ला दिला आणि ती बसवली गेली.

विजापूरच्या गोल घुमटात, मुहम्मद आदिलशाहच्या थडग्यावर, वजनाने उत्तर शोधले आहे. १६५६ साली आदिलशाह वारला. त्याच्या या वास्तूत सुमारे ३८ मीटर आतल्या व्यासाचा घुमट सुमारे ४१ मीटर बाजूच्या चौकोनी दालनावर ठेवलेला आहे. चौकोनातून वर्तुळाकडे जाण्यासाठी आठ कमानी एकमेकींना छेदून जातात आणि त्यांच्या वरचे बांधकाम दालनाच्या आत झुकते. हे लोंबते वजन आत ओढते, घुमटाचा रेटा बाहेर ढकलतो आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना अडवतात. घुमटाच्या आतून फिरणारा सुमारे ३.३ मीटर रुंदीचा सज्जा याच झुकलेल्या बांधकामावर आहे.